मागणीचा अंदाज आणि विसरण्याची रीत

तालुक्याच्या गावातल्या मेडिकल दुकानात आठवड्यातून एकदा स्टॉकिस्टला ऑर्डर जाते. ओआरएसच्या पुड्या किती सांगायच्या? जास्त मागवल्या तर पैसे अडकतात आणि खपायच्या आत एक्सपायरी जवळ येते. कमी मागवल्या तर जुलाबाने बेजार झालेल्या लेकराची आई रिकाम्या हाताने परत जाते. दुकानात अशा वस्तू दोन-तीन हजार असतात, आणि प्रत्येकीपाशी थांबून विचार करायला दुकानदाराला वेळ नसतो. म्हणून त्याला अशी एक रीत हवी असते, जी मागची विक्री पाहून पुढच्या आठवड्याचा आकडा आपोआप देईल.

सगळ्यांना सुचते ती रीत सरासरीची. मागच्या चार आठवड्यांत किती पुड्या गेल्या ते मिळवा आणि चाराने भागा. नवा आठवडा आला की सर्वांत जुना आठवडा सोडून द्या आणि नव्याला आत घ्या. हिलाच सरकती सरासरी किंवा मूव्हिंग ॲव्हरेज म्हणतात. समजायला सोपी, करायला सोपी, आणि पुष्कळ ठिकाणी पुरेशी. तिची अडचण लक्षात येते ती मागणीत काहीतरी वेगळे घडल्यावर.

ती अडचण आकड्यांत पाहू. हिशेब सोपा राहावा म्हणून धरून चालू की दुकानात आठवड्याला ४० पुड्या जातात, आणि गेले कित्येक आठवडे हेच चालले आहे. मग एका आठवड्यात गावात आरोग्य शिबिर भरते, शिबिरवाले एकदम ५० पुड्या जादा नेतात आणि त्या आठवड्याची मागणी ९० होते. पुढच्या आठवड्यापासून गिऱ्हाईक पुन्हा पूर्वीसारखे, म्हणजे ४०.

चार आठवड्यांची सरासरी आता काय सांगते? शिबिराच्या आठवड्यानंतर ती म्हणते ५२.५. त्यानंतर आणखी तीन आठवडे मागणी ४० वर स्थिर असूनही ती ५२.५ वरच अडून बसते. मग एका सोमवारी तो ९० चा आठवडा चौकटीच्या बाहेर पडतो आणि अंदाज एका झटक्यात ५२.५ वरून ४० वर येतो. त्या आठवड्यात दुकानात काहीच घडलेले नसते. घडले होते ते महिन्याभरापूर्वी. पण आकडा आज उडी मारतो, आणि नव्याने कामावर लागलेल्या मुलाला वाटते की गावातली मागणी अचानक कोसळली.

सरकती सरासरी चौथ्या आठवड्यापर्यंतचे सगळे सारख्याच तोलाने आठवते आणि पाचवा आठवडा पूर्ण विसरते. गेल्या आठवड्याला जेवढा मान, तेवढाच चार आठवड्यांपूर्वीच्याला, आणि त्याच्या मागच्याला शून्य. माणसाचा अनुभव असा वागत नाही. कालचे ठळक असते, परवाचे जरा फिके, महिन्याभरापूर्वीचे आणखी फिके, पण कुठल्याही दिवशी ते एकदम पुसले जात नाही. एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग नावाची जी दुसरी रीत आहे, ती हेच विरत जाणे हिशेबात आणते.

या रीतीची सुरुवात दुकानात झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात रॉबर्ट गुडेल ब्राऊन हे अमेरिकी नौदलासाठी ऑपरेशन्स रिसर्चचे काम करत होते. पाणबुडीवर मारा करायचा तर ती कुठल्या वेगाने आणि कुठल्या दिशेने चालली आहे याचा अंदाज सतत सुधारत राहावा लागतो, आणि तोही चकत्या आणि गोळ्यांच्या एका यांत्रिक गणकयंत्रावर. त्या कामातून आलेली ही कल्पना ब्राऊन यांनी पुढे १९५० च्या दशकात नौदलाच्या सुट्या भागांच्या साठ्याला लावली. कुठल्या भागाची मागणी किती येईल, हा तिथला प्रश्न. १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका परिषदेत त्यांनी ही पद्धत मांडली आणि १९५९ मध्ये साठानियंत्रणासाठीच्या अंदाजावर त्यांचे पुस्तक आले.

त्या काळी ही रीत का पकडली गेली हे समजण्यासारखे आहे. सुटे भाग हजारोंच्या संख्येने होते आणि नोंदी पंचकार्डांवर असत. बारा महिन्यांची सरकती सरासरी काढायची तर प्रत्येक भागाचे बारा आकडे जपून ठेवावे लागतात, दर महिन्याला जुना काढून नवा घालावा लागतो. ब्राऊन यांच्या रीतीत प्रत्येक भागामागे एकच आकडा पुरतो, तो म्हणजे गेल्या वेळचा अंदाज. सगळा इतिहास त्या एका आकड्यात मुरलेला असतो.

रीत अशी आहे:

```
नवा अंदाज = जुना अंदाज + α × (प्रत्यक्ष मागणी − जुना अंदाज)
```

आठवडा संपला की आपला अंदाज किती चुकला ते पाहायचे, आणि त्या चुकीचा काही हिस्सा जुन्या अंदाजात मिळवायचा. चूक पूर्ण मानायची नाही, पूर्ण झटकायचीही नाही. किती हिस्सा मानायचा ते α, म्हणजे अल्फा, हा आकडा ठरवतो. तो ० आणि १ च्या मधे असतो. अल्फा ०.४ धरला, अंदाज ४० होता आणि मागणी ५० आली, तर चूक १० ची, तिच्यातले ४ मानायचे आणि नवा अंदाज ४४.

या साध्या सूत्रात जुन्या आठवड्यांचे काय होते? अल्फा ०.४ असेल तर नव्या अंदाजात सर्वांत ताज्या आठवड्याचा वाटा ४० टक्के असतो आणि उरलेले ६० टक्के जुन्या अंदाजाकडून येतात. पण त्या जुन्या अंदाजातही त्याच्या आधीच्या आठवड्याचा वाटा ४० टक्केच होता. म्हणून आता त्याचा वाटा ६० टक्क्यांच्या ४० टक्के, म्हणजे २४ टक्के उरतो. त्याच्या मागच्याचा साधारण १४, त्याच्या मागच्याचा साधारण ९. दर पावलाला वाटा ०.६ पटीने घटतो आणि शून्य कधीच होत नाही. ही ठरावीक पटीने होणारी घट म्हणजेच नावातले एक्स्पोनेन्शियल.

आता तेच शिबिर या रीतीने पाहू. अल्फा ०.४. आधीचा अंदाज ४०, मागणी आली ९०, चूक ५० ची. अंदाज होतो ६०. पुढच्या आठवड्यात मागणी पुन्हा ४०, तेव्हा अंदाज ५२. मग साधारण ४७, मग ४४, मग साडेबेचाळीसच्या आसपास, आणि तसाच हळूहळू ४० कडे. महिन्यानंतरची ती अवेळी उडी इथे नाही. आठवण रोज थोडी थोडी विरते.

पण इथे घाईने निकाल देऊ नये. शिबिराच्या लगेच पुढच्या आठवड्यात ही रीत ६० सांगते, आणि सरकती सरासरी फक्त ५२.५ सांगत होती. म्हणजे पहिल्या धक्क्याला ही जास्त दचकली. ही पद्धत गुळगुळीत आहे म्हणून ती नेहमी शांत असते, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. ती किती शांत राहील हे अल्फावर आहे. अल्फा ०.२ ठेवला असता तर ती शिबिरानंतर ५० म्हणाली असती, मग ४८, मग साधारण ४६. कमी दचकली असती, पण ते दचकणे जास्त दिवस मनात ठेवले असते.

या हिशेबात मला सर्वांत आवडलेली गोष्ट आता सांगतो. सरकत्या सरासरीने शिबिरानंतर चार आठवडे दर आठवड्याला १२.५ पुड्या जास्त सांगितल्या. चार गुणिले साडेबारा, म्हणजे ५०. एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगने पहिल्या आठवड्यात २० जास्त सांगितल्या, मग १२, मग ७.२, मग ४.३ आणि असेच पुढे. ही सगळी बेरीज शेवटपर्यंत केली तर तीही बरोबर ५० भरते. अल्फा ०.२ ने केली तरी ५०. शिबिराने नेलेल्या ५० जादा पुड्यांचे देणे दोन्ही रीती पुरेपूर फेडतात. एक चार सारख्या हप्त्यांत, दुसरी घटत्या हप्त्यांत. त्यांच्यापैकी कुठलीही रीत ती वाढ ‘एकदाचीच’ आहे हे ओळखत नाही. ओळखू शकतो तो दुकानदार. म्हणून वाढीचे कारण माहीत असेल, तर ते ५० वेगळ्या रकान्यात लिहावेत आणि अंदाजाच्या हिशेबात ४० च द्यावेत. कुठलेही सूत्र निवडण्याआधी हे एक काम केले तरी अंदाज बराच सुधारतो.

आता दुसरा प्रसंग. शिबिर नाही, पण गावाबाहेर नवी वसाहत झाली आहे आणि मागणी ४० वरून ६० वर गेली, ती कायमची. वाढ झालेल्या पहिल्या आठवड्यात दोन्ही रीती ४० च म्हणत होत्या, तेव्हा २० पुड्या कमी पडल्या. त्यानंतर सरकती सरासरी दर आठवड्याला पाच-पाचने चढते: ४५, ५०, ५५ आणि मग ६०. एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग पहिल्याच पावलात ४८ वर येते, मग साधारण ५३, ५६, ५७, आणि शेवटचे दोन-तीन आकडे चढायला तिला बरेच आठवडे लागतात. आधी ती पुढे असते, शेवटी सरासरी तिला मागे टाकते. एकूण किती पुड्या कमी पडल्या याची बेरीज केली तर दोन्हीकडे पुन्हा ५०.

हा योगायोग नाही. चार आठवड्यांच्या सरासरीला जोड म्हणून मी ०.४ हा अल्फा मुद्दाम घेतला होता. सरासरी N आठवड्यांची असेल, तर तिच्या तोडीचा अल्फा असा मिळतो:

```
α = 2 / (N + 1)
```

चारसाठी २ भागिले ५, म्हणजे ०.४. नऊ आठवड्यांसाठी ०.२. एकोणीससाठी ०.१. या जोडीत दोन्ही रीतींनी वापरलेल्या माहितीचे सरासरी वय सारखे असते. मागणी एकाच पातळीभोवती नुसती वरखाली होत असेल, तर तिचा गोंगाट गाळण्याची दोघींची ताकदही तंतोतंत सारखी निघते. तेव्हा कोणी म्हणाले की सरकती सरासरी सोडून ही रीत घेतल्याने अंदाज दुपटीने अचूक झाले, तर त्याने बहुधा सरासरीचे आठवडे चुकीचे निवडले होते आणि अल्फा बरा निवडला.

मग ही रीत घ्यायची कशाला? माझ्या मते तीन कारणे खरी आहेत. पहिले ते अवेळी उडीचे, जे आपण पाहिले. ऑर्डर जिथे अंदाजावर आपोआप निघते तिथे ही उडी थेट पैशात उतरते: चार आठवडे जादा माल आणि मग एकदम हात आखडता. दुसरे कारण अल्फा कधीही बदलता येतो. आज ०.२ आहे, उद्या ०.३ केला तरी जुने आकडे शोधावे लागत नाहीत. चार आठवड्यांची सरासरी बारा आठवड्यांची करायची तर आधीचे आठ आठवडे हाताशी हवेत. तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते: या रीतीत दर आठवड्याला चूक डोळ्यांसमोर लिहिली जाते. सूत्रच चुकीपासून सुरू होते. सरासरी काढणारा माणूस कालचा अंदाज किती चुकला ते न पाहताही नवी सरासरी काढू शकतो, आणि बहुतेक जण तसेच करतात.

एक्सेलमध्ये हे करायला एक ओळ पुरते. B रकान्यात प्रत्यक्ष मागणी, C रकान्यात त्याच आठवड्यासाठी आधी केलेला अंदाज, आणि F1 या खणात अल्फा. C2 मध्ये सुरुवातीचा अंदाज हाताने लिहायचा आणि C3 पासून खाली हे सूत्र ओढत न्यायचे:

```
=C2+$F$1*(B2-C2)
```

शेजारच्या D रकान्यात चार आठवड्यांची सरासरी घ्यायची असेल, तर D6 मध्ये `=AVERAGE(B2:B5)` लिहावे. इथे D5 नव्हे, D6, याकडे नीट लक्ष द्यावे. सहाव्या ओळीचा अंदाज पाचव्या ओळीपर्यंतच्याच मागणीवर उभा असला पाहिजे. पुष्कळ जण पाचव्या आठवड्याची मागणी धरून काढलेली सरासरी पाचव्याच आठवड्याशी ताडून पाहतात, चूक फार कमी आलेली दिसते आणि मन खूश होते. तो अंदाज नसतो. उत्तर हातात घेऊन सोडवलेला पेपर असतो तो.

सुरुवातीचा अंदाज काय द्यायचा, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. पहिल्या चार-सहा आठवड्यांची साधी सरासरी द्यावी, हे बरे. अल्फा ०.४ असेल तर सुरुवातीची चूक लवकर धुऊन जाते. पण अल्फा ०.१ असेल तर दहा आठवड्यांनंतरही त्या पहिल्या आकड्याचा वाटा ३५ टक्के शिल्लक असतो. कोणी पहिल्या खणात शून्य टाकून सूत्र ओढले, तर दोन-अडीच महिने अंदाज कमीच येत राहतील, आणि दोष पद्धतीला दिला जाईल.

अल्फा किती ठेवावा? साठ्याच्या कामात तो साधारण ०.१ ते ०.३ च्या दरम्यान असतो, पण अंदाजे ठरवण्यापेक्षा स्वतःच्या जुन्या नोंदींना विचारावे. गेल्या वर्षाचे बावन्न आठवडे घ्यावेत, F1 मध्ये आधी ०.१ ठेवावा, मग ०.२, ०.३, ०.४. प्रत्येक वेळी दर आठवड्याची चूक उणे-अधिक चिन्ह सोडून मोजावी आणि तिची सरासरी काढावी. ज्या अल्फाला ती सर्वांत कमी, तो त्या वस्तूचा अल्फा. ओआरएसच्या पुड्यांचा अल्फा आणि मधुमेहाच्या गोळ्यांचा अल्फा वेगळा निघेल, आणि निघायलाच हवा. मधुमेहाचा रुग्ण दर महिन्याला तेवढ्याच गोळ्या नेतो. तिथली वरखाली बहुतेक नुसता गोंगाट असते, तेव्हा लहान अल्फा बरा. पुड्यांची मागणी हवामानाबरोबर खरोखरच सरकते, तेव्हा जरा मोठा.

या चाचणीत कधी कधी सर्वांत चांगला अल्फा ०.७ किंवा ०.८ निघतो. तेव्हा तो आकडा घेऊन पुढे जाऊ नये. एवढा मोठा अल्फा बहुतेक वेळा सांगत असतो की मागणी एका पातळीभोवती फिरत नसून एका दिशेने चालली आहे, आणि रीत तिच्यामागे धावत आहे. उन्हाळा चढत जातो तशी पुड्यांची मागणी दर आठवड्याला पाचने वाढते आहे असे समजा. अल्फा ०.४ ची रीत काही आठवड्यांनी दर वेळी साडेबारा पुड्या मागे राहू लागते, आणि ते अंतर वाढ थांबेपर्यंत मिटत नाही. चार आठवड्यांची सरासरीही तंतोतंत साडेबाराच मागे असते. इथे दोघीही सारख्याच लंगड्या आहेत.

हे लंगडणे ओळखायची खूण चुकीच्या रकान्यात असते. रीत ठीक चालली असेल तर चूक कधी अधिक, कधी उणे येते. सलग सहा आठवडे चूक एकाच बाजूची येणे नुसत्या योगायोगाने क्वचितच घडते. नाणे सहा वेळा उडवून सहाही वेळा एकच बाजू पडावी, तसे ते बत्तिसात एकदा होईल. हजारो वस्तू असतील तिथे प्रत्येकीचा रकाना डोळ्यांनी पाहता येत नाही. त्यासाठी १९६४ मध्ये ट्रिग यांनी एक सोपी युक्ती सुचवली. चिन्हासकट चूक एकदा त्याच रीतीने गुळगुळीत करायची, चिन्ह सोडून एकदा करायची, आणि पहिलीला दुसरीने भागायचे. चुका एकमेकींना छेदत असतील तर उत्तर शून्याच्या आसपास राहते. ते अधिक एक किंवा उणे एककडे सरकू लागले की त्या वस्तूकडे माणसाने स्वतः पाहायची वेळ झाली.

वाढत्या मागणीवर इलाज आहे. चार्ल्स होल्ट यांनी १९५७ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत असताना पातळीच्या आकड्याबरोबर उताराचाही एक आकडा जपायची रीत लिहिली. मागणी किती आहे हा एक अंदाज, आणि ती दर आठवड्याला कितीने बदलते आहे हा दुसरा. दोन्ही तशाच चुकीच्या हिश्शाने सुधारायचे. त्यांचे ते टिपण नौदलाच्या संशोधन कार्यालयासाठी होते आणि ते नियतकालिकात छापून यायला २००४ साल उजाडले. १९६० मध्ये पीटर विंटर्स यांनी तिला हंगामाची जोड दिली. होल्ट-विंटर्स या जोडनावाने ती आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मिळते.

हंगामाच्या बाबतीत आपल्याकडे एक काळजी मात्र घ्यावी लागते. हंगामाची रीत समजते की गेल्या वर्षी बेचाळिसाव्या आठवड्यात जे झाले तेच यंदाही बेचाळिसाव्या आठवड्यात होईल. पावसाळ्याला हे साधारण चालते. दिवाळी मात्र तिथीने येते. एका वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला, दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्याला. गेल्या वर्षीच्या आठवड्यावर भरवसा ठेवून मिठाईच्या डब्यांची ऑर्डर काढली, तर माल सणानंतर येऊन पडायचा. सणाचे आठवडे सणाशी जुळवावेत, इंग्रजी महिन्याशी नाही.

एवढे झाले तरी एक दोष असा आहे, जो कुठल्याच अल्फाने जात नाही, आणि दुकानांत तो सर्वाधिक आढळतो. आपण मागणी म्हणून जे लिहितो ती खरे तर विक्री असते. समजा पुड्यांना गिऱ्हाईक होते ६० आणि दुकानात होत्या ४०. वहीत विक्री लागली ४०. अंदाज ४० होता, विक्री ४०, चूक शून्य. रीतीला वाटते आपण अगदी बरोबर आहोत. पुढच्या आठवड्याला ती पुन्हा ४० सांगते, पुन्हा माल शॉर्ट पडतो, पुन्हा चूक शून्य. वीस माणसे दर आठवड्याला परत जात आहेत आणि चुकीचा रकाना निर्मळ आहे. ज्या खुणेवर आपण भरवसा ठेवला तीच इथे फसवते. दोन्ही रीती याला सारख्याच बळी पडतात.

यावर उपाय कागदाचाच आहे. काउंटरवर एक वही ठेवावी आणि माल नसल्याने परत गेलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची एक रेघ ओढावी. मागणीच्या रकान्यात विक्री अधिक रेघा लिहाव्यात. तेही होत नसेल तर ज्या आठवड्यात माल संपला, त्या आठवड्याचा आकडा हिशेबात घेऊच नये. जुना अंदाज तसाच पुढे न्यावा.

महिनोन्‌महिने कोणी न विचारणाऱ्या वस्तूंसाठीही ही रीत बेताचीच आहे. वर्षातून चारदा लागणारे एखादे इंजेक्शन विकले गेले की अंदाज त्याच क्षणी सर्वांत वर जातो, आणि गरज तर नुकतीच भागलेली असते. अशा वस्तूंसाठी क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये वेगळी पद्धत दिली. तिच्यात मागणी किती आणि ती किती आठवड्यांनी येते, या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात.

अंदाज म्हणजे ऑर्डर नव्हे, हेही सांगायला हवे. साधी एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग पुढच्या सगळ्या आठवड्यांसाठी एकच आकडा देते. माल यायला दोन आठवडे लागत असतील तर त्या आकड्याची दुप्पट धरावी, आणि वर चुकीच्या सरासरीच्या प्रमाणात राखीव माल. अंदाज ४० चा आणि चूक सरासरी ३ ची, तर थोडाच राखीव पुरतो. अंदाज तोच ४०, पण चूक सरासरी १५ ची, तर राखीव बराच लागतो. म्हणून प्रत्येक वस्तूमागे दोन आकडे जपावेत: अंदाज आणि सरासरी चूक. ब्राऊन यांनीही साठ्यासाठी असेच सुचवले होते.

इतक्या साध्या रीतीवर विसंबावे का, असे कोणालाही वाटेल. १९८२ मध्ये स्पायरॉस माक्रिडाकिस आणि सहकाऱ्यांनी १००१ प्रत्यक्ष मालिकांवर निरनिराळ्या पद्धतींची स्पर्धा लावली, तेव्हा गुंतागुंतीच्या पद्धती साध्या पद्धतींपेक्षा हमखास सरस ठरल्या नाहीत. आज मोठमोठी गणकयंत्रे असूनही नवी पद्धत आणणाऱ्याला आधी एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगला हरवून दाखवावे लागते.

दहा-वीस वस्तूंचे दुकान असेल, मागणी स्थिर असेल आणि हिशेब वहीत चालत असेल, तर सरकती सरासरी खुशाल ठेवावी; ती काही वाईट नाही. वस्तू शेकड्यांनी असतील आणि ऑर्डर आकड्यावरूनच निघत असेल, तर एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग घ्यावी, वस्तूगणिक अल्फा जुन्या नोंदींवरून ठरवावा आणि चुकीचा रकाना दर आठवड्याला वाचावा. आणि दोन्हींपैकी काहीही निवडायच्या आधी परत गेलेल्या गिऱ्हाइकांची वही सुरू करावी, कारण ती नसेल तर दोन्ही रीती चुकीच्याच आकड्यांवर चालतील.